मशरूम – २ किलो

पत्रिकेवर विषय छापलाय ‘सर्व्हिसआधीची स्टेशनची मांडणी’. सर्व्हिस म्हणजे रेस्टॉरंटमध्ये जेवण वाढायची वेळ, स्टेशन म्हणजे किचनमधली एकेका स्वयंपाक्याची जागा. मांडणीवर येतोच. पण मांडणीच्या आधी तयारीच्या कामांची यादी येते, आणि यादीबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. ती ऐकल्याशिवाय तुमची सुटका नाही.

या तयारीला फ्रेंचमध्ये ‘मीज ऑं प्लास’ म्हणतात, म्हणजे ‘जागेवर ठेवणं’. एवढं लांब म्हणायला किचनमध्ये कुणाला वेळ नसतो, म्हणून नुसतं ‘मीज’. नवी पोरं त्याची मिजास करतात. माझी हरकत नाही, ज्याची मीज साडेपाचला तयार असते त्याने थोडी करावी.

तर तक्रार. मी सॉतेवर होतो, म्हणजे तव्यांचं स्टेशन, सहा बर्नर. शनिवार. माझ्याकडची सगळ्यात चालणारी डिश म्हणजे कोंबडीच्या छातीचा तुकडा, त्यावर मशरूमचा सॉस. आदल्या रात्री स्टेशन बंद करणाऱ्या सहकाऱ्याने फ्रीजच्या दाराला चिठ्ठी चिकटवली होती. सात-आठ ओळी, आणि तिसरी ओळ होती ‘मशरूम – २ किलो’. त्याची त्या दिवशी सुट्टी. मी मुकाट्याने दोन किलो मशरूम तोलली, पुसली, कापली, परतली, गार केली, इन्सर्टमध्ये, म्हणजे स्टेशनवर बसणाऱ्या डब्यात, भरली आणि ओळीवर काट मारली. काट मारण्याचं समाधान काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. काही लोक तर आधी काम करतात, मग ते यादीत लिहितात आणि मग खोडतात. हसू नका, पहिल्या रांगेत दोघं तरी आहेत.

आता हिशेब बघा. एका प्लेटला शिजलेली मशरूम ६० ग्रॅम. शनिवारी तीस प्लेट धरायच्या, म्हणजे १८०० ग्रॅम, थोडं जास्तीचं धरून दोन किलो. सहकाऱ्याचा हिशेब चोख होता. पण त्याचे दोन किलो शिजलेले होते आणि मी तोलले ते कच्चे. मशरूममध्ये नव्वद टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. नीट लाल होईपर्यंत परतलं की वजन निम्म्यावर येतं. माझ्या इन्सर्टमध्ये एक किलो होतं. सोळा प्लेटी.

सोळावी प्लेट आठ चाळीसला गेली. समोर ऑर्डरची सहा टिकटं, त्यांत चार कोंबड्या. मी वॉक-इनकडे, म्हणजे थंड खोलीकडे, धावलो, कच्ची मशरूम आणली, कशीबशी कापली आणि घाईत एकाच तव्यात ढीग ओतला. तव्यात ढीग ओतला की काय होतं? मशरूम पाणी सोडतात, ते उडून जायला जागा नसते आणि मशरूम त्यातच उकडतात. राखाडी, रबरासारखी. सॉस पातळ झाला. म्हणून दुसरा तवा घेतला, म्हणजे सहांतले दोन बर्नर मशरूमनेच अडवले आणि कोंबडी मागे पडली. त्याच टेबलाचा मासा शेजारच्या स्टेशनवर तयार होऊन पासवर, म्हणजे प्लेटी बाहेर जातात त्या कट्ट्यावर, दिव्याखाली सुकत बसला. तो परत गेला, नवा टाकावा लागला आणि माशाच्या स्टेशनवाल्याचं गणितही बिघडलं. त्याने मला काय म्हटलं ते इथे सांगता येणार नाही, सभागृहात ज्येष्ठ मंडळी आहेत.

शेफने दोष मला दिला. मी सहकाऱ्याला दिला. खरा दोष त्या ओळीचा. ‘मशरूम’ हे कामच नव्हे, ती वस्तू आहे. ओळीत क्रिया हवी आणि माल शेवटी कोणत्या अवस्थेत हवा तेही हवं: ‘मशरूम परतून २ किलो (कच्ची ४), ट्रेवर पसरून गार, दोन वाजता चढवा.’ दहा-अकरा शब्द. रात्री साडेअकराला हात दुखत असताना हे लिहायचं जिवावर येतं, मान्य. तरी यादी रात्रीच व्हायला हवी, कारण आज काय संपलं हे तेव्हाच्या माणसालाच ठाऊक असतं. दुपारी येणारा आठवणीवर लिहितो, आणि आठवणीत डबे नेहमी भरलेले असतात.

मोजायचं कसं? प्रत्येक वस्तूचा ‘पार’ ठरलेला असतो, म्हणजे सर्व्हिस सुरू होताना स्टेशनवर किती हवं तो आकडा. पारमधून शिल्लक वजा केली की उद्याचं काम. पण शिल्लक म्हणजे ‘अर्धा डबा’ नव्हे. कुठला डबा? आणि शिल्लक चाखायची, तारीख बघायची. सॉसचा पार तीन लिटर, उरलाय एक, पण उद्या त्याची मुदत संपतेय, तर यादीत दोन नव्हे, तीन लिटर लिहायचे.

ओळींचा क्रम लावताना काम महत्त्वाचं की सोपं हे मी विचारत नाही. सोपं आधी उरकण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण आधी चढतं ते, ज्याला आपल्या हातांची गरज नाही आणि वेळ भरपूर लागतो. स्टॉक आटायला ठेवा, मग जे गार व्हायला हवं ते शिजवा, मग सुरी हातात घ्या. चिरलेला हर्ब शेवटी. गार होण्याचा वेळ कापता येत नाही: अमेरिकी फूड कोड सांगतो की शिजलेला पदार्थ दोन तासांत ५७ वरून २१ अंशांवर आणि पुढच्या चार तासांत ५ अंशांवर आला पाहिजे. खोल भांड्यात गरम सॉस तसाच फ्रीजमध्ये ढकलला तर मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. म्हणून पसरट ट्रे, पातळ थर.

आयोजकांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं उरली. म्हणजे मांडणी.

झटपट सांगतो. ज्या हाताने चमचा धरता त्या बाजूला मीठ, तेल, चमचे. इन्सर्ट तव्यात पडण्याच्या क्रमाने, प्रत्येक प्लेटला लागणारे सगळ्यांत जवळ. कच्चं मांस सगळ्यात खालच्या ड्रॉवरमध्ये, शिजलेल्याच्या वर कधीच नाही. थंड इन्सर्ट काठाच्या वर रचू नका, वरचा ढीग गार राहत नाही. संपत आला की त्यावर नवा माल ओतू नका, अख्खा इन्सर्ट बदला, म्हणजे जुना तळाशी लपून बसत नाही. फडकं कोरडंच हवं. ओल्या फडक्यातून तव्याची उष्णता थेट तळहातात जाते, हे प्रत्येक जण एकदाच शिकतो.

आणि सव्वापाचला एक तालीम. सगळ्यात चालणारी डिश एकदा खरोखर बनवा, पाय न हलवता. ज्यासाठी पाऊल टाकावं लागलं ते चुकीच्या जागी आहे किंवा नाहीच आहे. माझ्या अनुभवात बहुतेक वेळा तो चमचा असतो. प्लेट शेफला चाखायला द्या, म्हणजे वायाही जात नाही.

त्या शनिवारीही मी तालीम केली होती. पाय हलला नाही, प्लेट उत्तम झाली. इन्सर्ट भरलेला होता. खालच्या ड्रॉवरमध्ये दुसरा असायला हवा होता, तो नव्हता, आणि एका प्लेटच्या तालमीत ते कळायचं कसं?