‘हे चालेल का?’ : पाकिटाच्या मागच्या बाजूचा फोटो आणि त्यामागचा प्रश्न

मंडळी, आज बोलायचंय ते मोबाईलवर येणाऱ्या एका फोटोबद्दल. पाकिटाची मागची बाजू, त्यातही फक्त घटकांची यादी, चारही बाजूंनी नीट कापलेली. खाली तीन शब्द : ‘हे चालेल का?’ आहारतज्ज्ञांना असा फोटो रोज येतो, आणि घरात एखादी शिकलेली सून किंवा फार्मसीत शिकणारा भाचा असेल तर त्यांनाही येतो. माझं म्हणणं असं की या फोटोला लगेच उत्तर देऊ नये. आधी विचारावं : कोणासाठी आणि कशासाठी?

एकच फोटो धरून चालू. शेवेचं पाकीट आहे. यादी अशी : चण्याचं पीठ, खाद्य वनस्पती तेल (पामोलिन), मीठ, तिखट, ओवा, हळद, हिंग. बस, एवढंच. विचारणारी आई असेल आणि तिच्या मुलाला सीलिअॅक, म्हणजे गव्हासारख्या धान्यांतलं ग्लुटेन हे प्रथिन न चालणारा आजार असेल, तर ही यादी वाचून कोणीही म्हणेल, ‘बेसनाचं आहे, गहू नाही, दे बिनधास्त.’ आणि नेमकं इथंच चुकतं.

चूक हिंगात आहे. आपण डबीतून वापरतो तो बहुतेक हिंग बांधानी, म्हणजे मिश्र हिंग असतो. शुद्ध हिंगाचा चीक चिकट आणि फार उग्र, म्हणून त्यात डिंक आणि पीठ मिसळून तो वापरण्याजोगा करतात. अन्नसुरक्षेच्या मानकात मिश्र हिंगात खाद्य स्टार्च किंवा धान्याचं पीठ चालतं, आणि आपल्याकडे ते पीठ बऱ्याचदा गव्हाचं असतं. घरच्या डबीवरची यादी वाचून बघा, मैदा किंवा गव्हाचं पीठ सापडण्याची शक्यता बरीच आहे. तांदळाच्या पिठाचा हिंगही मिळतो, पण तो शोधून घ्यावा लागतो.

मग शेवेच्या यादीत गहू का दिसत नाही? कारण हिंग हा स्वतःच अनेक घटकांचा बनलेला घटक आहे. २०२० च्या लेबलिंग नियमांनुसार असा संयुक्त घटक पदार्थात ५ टक्क्यांहून कमी असेल, तर त्याच्या पोटातले घटक यादीत वेगळे लिहिण्याची सक्ती नाही. शेवेत हिंग तर चिमूटभर. म्हणजे यादीत नुसतं ‘हिंग’ लिहिलेलं नियमात बसतं.

पण त्याच नियमांत दुसरी सोय आहे. ॲलर्जी होऊ शकणारे घटक वेगळ्या ओळीत सांगावे लागतात : ग्लुटेन असलेली धान्यं, कोळंबी-खेकड्यासारखे कवचधारी प्राणी, दूध, अंडं, मासे, शेंगदाणे आणि बदाम-काजूसारखा सुकामेवा, सोयाबीन, आणि किलोला १० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त सल्फाइट. ही ‘यात अमुक आहे’ अशी ओळ बहुधा यादीच्या लगेच खाली असते. आणि फोटो काढणारा नेमका यादी संपली की थांबतो! उत्तर पाकिटावर होतं, फोटोत नव्हतं.

म्हणून पहिलं काम : यादीखालच्या चार-पाच ओळींचा फोटो मागवा. तिथे ‘गहू आहे’ असं असेल तर विषय संपला. ‘असू शकतो’ असं असेल, तर त्याच कारखान्यात गव्हाचा पदार्थ बनतो आणि मिसळ होऊ शकते असा अर्थ. सीलिअॅकच्या मुलाला तेही देऊ नये. ओळच नसेल आणि यादीत हिंग असेल, तर पाकिटावरच्या ग्राहक क्रमांकावर एकच प्रश्न विचारा : हिंगात कोणतं पीठ आहे? ‘ग्लुटेन फ्री’ असं छापलं असेल तर किलोला २० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी ग्लुटेन, ही त्या शब्दांची मर्यादा आहे.

एक गोष्ट जाता जाता सांगतो. आपल्याकडच्या त्या सक्तीच्या यादीत तीळ नाही आणि मोहरी नाही. अमेरिकेत तीळ २०२३ पासून सक्तीचा झाला, युरोपात तीळ आणि मोहरी दोन्ही आहेत. ज्याला तिळाची ॲलर्जी आहे त्याने आपल्याकडच्या पाकिटावर खालच्या ओळीवर विसंबू नये, पूर्ण यादी वाचावी, आणि नुसतं ‘मसाले’ असं लिहिलेलं दिसलं तर थांबावं.

आता तोच फोटो, पण विचारणारे आजोबा आहेत आणि त्यांना रक्तदाब आहे. त्यांच्यासाठी ही यादी जवळपास निरुपयोगी. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात, म्हणजे मीठ तेलापेक्षा जास्त नाही आणि तिखटापेक्षा कमी नाही, एवढंच कळतं. किती, ते कळत नाही. त्यांना हवा पोषणमूल्यांचा तक्ता, आणि त्यातली सोडियमची ओळ. समजा १०० ग्रॅमला ८०० मिलिग्रॅम सोडियम आहे. त्याला अडीचने गुणलं की मीठ मिळतं : २००० मिलिग्रॅम, म्हणजे २ ग्रॅम. आजोबांची वाटी ३० ग्रॅमची, तर सोडियम २४० मिलिग्रॅम. दिवसाची मर्यादा २००० मिलिग्रॅम धरली, तर एका वाटीत तिचे १२ टक्के संपले. इथे यादीतलं ‘मीठ’ शोधत बसू नका, कारण सोडियम नुसत्या मिठातून येत नाही. पापडखारात आहे, खाण्याच्या सोड्यात आहे. पापडाच्या पाकिटावर मीठ खाली दिसलं म्हणून खूश होणाऱ्यांनी तक्ता जरूर बघावा.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, आणि तुलना नि भाषांतर हे दोन्ही विषय अजून व्हायचेत. भराभर सांगतो.

तुलना. दोन शेवा आहेत. पहिलीत बेसन ६० भाग, तेल ३५. यादीत बेसन पहिलं. दुसरीत तेल ३५, बेसन ३२, मटकीचं पीठ २८. यादीत तेल पहिलं! फोटो बघणारा म्हणेल, दुसरी तेलकट. दोन्हीत तेल सारखंच आहे, दुसरीत फक्त पीठ दोन नावांत विभागलंय. साखरेचंही असंच होतं : साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप अशी तीन नावं झाली की प्रत्येक नाव खाली सरकतं. म्हणून तुलना यादीवरून नको. दोन्ही पाकिटांचे तक्ते मागवा आणि १०० ग्रॅमचा रकाना १०० ग्रॅमशी लावा, ‘एका वाढीला’ हा रकाना नको, कारण वाढीचं वजन प्रत्येक कंपनी वेगळं धरते.

भाषांतर. मुलगा जर्मनीत, आई पुण्याहून विचारतेय किंवा उलट. युरोपात ॲलर्जीचे घटक यादीतच ठळक छापावे लागतात, तेव्हा भाषा येत नसली तरी ठळक शब्द आधी बघा. फक्त शब्दांच्या सारखेपणावर जाऊ नका. जर्मन ‘मिल्खझॉयरं’ म्हणजे लॅक्टिक आम्ल. नावात दूध आहे, पण ते सहसा साखर आंबवून करतात. ‘मोल्के’मध्ये दुधाचा शब्द नाही, आणि ते दुधाचंच पाणी, व्हे. आपल्या इंग्रजी पाकिटांवरही तेच : ‘बकव्हीट’ गहू नव्हे, तो कुट्टू. ‘कोको बटर’मध्ये लोणी नाही, ‘केसिन’ मात्र दुधाचं प्रथिन.

फोटोसाठी एवढंच करा. पाकीट रिकामं असेल तर कापून सपाट करा, भरलेलं असेल तर पृष्ठभाग ताणून धरा. फ्लॅश बंद, खिडकीचा उजेड तिरका. यादी, तिच्याखालच्या ओळी, तक्ता, पुढची बाजू आणि बॅच-तारखेचा शिक्का, असे वेगवेगळे फोटो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर आकार कमी होताना बारीक अक्षर पुसट होतं आणि यादीतल्या मिश्रकांच्या क्रमांकांत ३२२ चे ३३२ वाचले जातात. ३२२ म्हणजे लेसिथिन, जे बऱ्याचदा सोयाचं असतं. ३३२ हे पोटॅशियमचं क्षार. सोयाची ॲलर्जी असणाऱ्याला आणि किडनीच्या आजारात पोटॅशियम मोजून खाणाऱ्याला, दोघांनाही त्या एका आकड्याने चुकीचं उत्तर जाईल.