रात्री कोणती ऑप्शन पोझिशन ठेवायची, कोणती कापायची?

नमस्कार. बाजार बंद व्हायला अर्धा तास उरलाय आणि तुमच्याकडे विकलेल्या ऑप्शन्सच्या दोन पोझिशन्स उघड्या आहेत, असं समजा. दोन्ही फायद्यात आहेत. एक उद्या संपणार आहे, दुसरीला महिना बाकी आहे. यातली रात्रभर कोणती ठेवाल?

बहुतेक जण म्हणतात, उद्या संपणारी ठेवू. एकच रात्र तर काढायचीय, प्रीमियम जवळजवळ शून्यावर आलाय. माझं मत नेमकं उलटं आहे. का, ते आकड्यांत बघू. आकडे मी ऑप्शनच्या किंमतीच्या गणितातून काढून गोल केलेत. इंडेक्स २०,००० वर आहे असं धरू.

पहिली पोझिशन. उद्याच्या एक्सपायरीचा १९,७०० चा पुट आणि २०,३०० चा कॉल विकलेला. विकताना दोन्हींचे मिळून ८० पॉइंट आले होते, आता ते १० वर आलेत. म्हणजे ७० कमावले, उरलेत १०. आता सकाळी बाजार ३ टक्के खाली उघडला, १९,४०० वर. तुमचा पुट एका झटक्यात ३०० पॉइंट आत गेला. १० ची वस्तू ३०० च्या पुढे. १० पॉइंट मिळवण्यासाठी तुम्ही २९० चा धोका रात्रभर उशाशी घेऊन झोपलात.

इथे कुणी म्हणेल, स्टॉपलॉस लावलाय की. रात्री बाजारच बंद असतो, तर तो स्टॉपलॉस चालणार कुठे? भाव १० वरून थेट ३०० वर उघडतो. मधल्या ४० वर किंवा ८० वर सौदाच होत नाही. मार्केट ऑर्डरचा स्टॉपलॉस असेल तर तो उघडल्या उघडल्या मिळेल त्या भावाला भरतो. लिमिटचा असेल तर भाव त्याच्यावरून उडी मारून जातो आणि ऑर्डर तशीच पडून राहते. दिवसा स्टॉपलॉसच्या भरवशावर जेवढे लॉट चालतात, तेवढे रात्री चालत नाहीत, ते यामुळेच.

बरं, मग या पोझिशनला दूरचा पुट विकत घेऊन आधार दिला तर? १९,५०० चा पुट आणि २०,५०० चा कॉल मिळून समजा ४ पॉइंटला मिळाले. उरलेल्या १० मधले ४ तिथेच गेले. आता मिळणार जास्तीत जास्त ६, आणि जाऊ शकतात २०० च्या आसपास. हे गणित जमत नाही. ही पोझिशन १० पॉइंट देऊन कापायची, विषय संपला.

आता दुसरी पोझिशन, ती जास्त रंजक आहे. महिनाभर लांबचा १९,००० चा पुट ५२ ला आणि २१,००० चा कॉल २२ ला. एकूण ७४. तीच ३ टक्क्यांची गॅप-डाउन इथे लावू. इंडेक्स १९,४०० वर आला, तरी पुट अजून ४०० पॉइंट बाहेर आहे. आयव्ही, म्हणजे इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, होती तेवढीच राहिली असं धरलं तर पुट ५२ वरून १७० च्या घरात जातो. कॉल जवळपास मरतो. तोटा साधारण १०० पॉइंट.

पण आयव्ही तेवढीच राहत नाही. बाजार असा पडतो तेव्हा सगळे पुट मागायला धावतात. आपल्या पुटची आयव्ही १५ वरून २० वर गेली, तर त्याचा भाव २७० च्या आसपास आणि एकूण तोटा २०५. म्हणजे अर्धा तोटा इंडेक्स हलल्याने झाला आणि अर्धा आयव्ही चढल्याने. स्क्रीनवरचा पेऑफ चार्ट बघून 'मी अजून ४०० पॉइंट सुरक्षित आहे' असं समजणारे इथेच फसतात. तो चार्ट एक्सपायरीच्या दिवसाचा असतो, तुम्हाला उद्या सकाळचा हवाय.

आयव्ही किती उसळू शकते? अमेरिकेचा व्हिक्स म्हणजे तिथल्या इंडेक्स ऑप्शन्सच्या आयव्हीचं माप. २०२४ च्या ऑगस्टमध्ये तो शुक्रवारी, २ तारखेला, २३ च्या वर बंद झाला. सोमवारी बाजार उघडण्याआधीच तो ६५ च्या वर गेला आणि त्याच दिवशी ३८ च्या वर बंद झाला. त्या ६५ चा बराचसा भाग पातळ बाजारातल्या रुंद भावांमुळे होता, म्हणजे खरेदी-विक्रीच्या भावांतलं अंतरच वाढलं होतं. पण त्या क्षणी ज्याला पोझिशन कापायचीच होती, त्याला तेच रुंद भाव घ्यावे लागतात. मार्जिन कमी पडल्यावर ब्रोकर थांबत नाही, म्हणून खात्यात थोडी मोकळी रक्कम ठेवून झोपा.

आता दुसऱ्या पोझिशनला आधार देऊन बघू. १८,५०० चा पुट २६ पॉइंटला विकत घेतला. ७४ मधून २६ गेले, उरले ४८. महाग वाटतंय ना? पण त्याच गॅपमध्ये, आयव्ही चढलेली असताना, हा पुट २६ वरून १६५ च्या आसपास जातो. तो १४० च्या जवळपास कमावतो आणि २०५ चा तोटा ६५ वर येतो. उद्या संपणाऱ्या पोझिशनमध्ये हा आधार कामाचा नव्हता, इथे तो दोन तृतीयांश धक्का पचवतो. कारण त्याच्यात अजून वेळ शिल्लक आहे आणि आयव्ही चढण्याचा फायदा त्यालाही मिळतो.

वरच्या बाजूलाही तपासा. ३ टक्के गॅप-अप, इंडेक्स २०,६०० वर. वर जाताना आयव्ही सहसा थोडी उतरते, त्यामुळे विकलेल्या जोडीचा तोटा ४५ च्या आत राहतो, आणि घेतलेल्या पुटवर वीसेक पॉइंट जातात. पुन्हा ६५ च्या आसपास. दोन्हीकडे सारखा धक्का, हे मला झोप देणारं चित्र आहे. मात्र इंडेक्सऐवजी एका कंपनीचा शेअर असेल तर वरचा कॉलही मोकळा सोडू नका. कुणी कंपनी विकत घेणार अशी बातमी आली की शेअर एका रात्रीत २०–३० टक्के वर उघडू शकतो.

राहिले लॉट किती ठेवायचे ते. भांडवल १० लाख, एका रात्रीत २ टक्के म्हणजे २० हजार जाऊ द्यायची तयारी, आणि एका लॉटमध्ये १०० चा गुणक, असं समजा. आधाराशिवाय एका लॉटचा तोटा २०,५००, म्हणजे एकही लॉट बसत नाही. आधार घेतल्यावर ६,५००, म्हणजे तीन लॉट बसतात. पण हे ३ टक्क्यांच्या गॅपचं झालं. इंडेक्स खाली १८,५०० च्याही पलीकडे जाऊन संपला, तर एका लॉटचा तोटा ४५० पॉइंटच्या थोडा वर, तीन लॉटचे एक लाख पस्तीस हजार. हा आकडा पचत नसेल तर तीनाचे दोन करा.

आता शुक्रवार. दोन सुट्ट्यांचा टाइम डिके मिळेल म्हणून खास शुक्रवारी ऑप्शन विकणारे बरेच असतात. तो डिके बाजारानं शुक्रवारी दुपारीच भावात बराचसा धरलेला असतो. उरतो तो बातम्यांचा जास्तीचा वेळ, आणि तोही फुकट अंगावर.

आणि विकत घेतलेले ऑप्शन? तिथे तोटा प्रीमियमपुरताच, त्यामुळे गॅपची भीती नाही. पण मोठी घोषणा ठरलेली असेल त्या रात्री आयव्ही आधीच फुगलेली असते आणि सकाळी ती बसते. तेव्हा कॉल आणि पुटच्या एकत्र प्रीमियममधून बाजार किती पॉइंटची हालचाल धरून बसलाय ते आधी काढा. तुम्हाला त्याहून मोठी हालचाल दिसत असेल तरच तो रात्रभर ठेवा.