तीन स्क्रीनशॉट आणि एक फेरी

मित्रहो, डिलिव्हरीच्या फेरीचे तीन मार्ग नकाशाच्या ॲपमधून टिपून, त्यांचे स्क्रीनशॉट एकापुढे एक ठेवून कोणता स्वस्त आणि कोणता जलद हे ठरवताना पहिली चूक तुलना सुरू होण्याआधीच झालेली असते. मोबाइलच्या वरच्या पट्टीतले घड्याळ पाहा. पहिला स्क्रीनशॉट 8.40 चा, दुसरा 8.52 चा आणि तिसरा सव्वानऊचा असेल, तर तिसऱ्याची वेळ रस्ता लांब म्हणून वाढली की मधल्या अर्ध्या तासात रहदारी वाढली म्हणून, हे सांगता येत नाही. ॲप दाखवते ती वेळ त्या क्षणाच्या रहदारीवर बेतलेली असते. म्हणून निघण्याची एकच वेळ ॲपमध्ये घालून, तिन्ही मार्ग लागोपाठ टिपावेत.

टिपतानाही एक पथ्य आहे. ॲप पर्यायी मार्ग फिक्या रंगात दाखवते आणि त्यावर बहुतेकदा वेळच लिहिलेली असते. अंतर आणि टोलची खूण नीट दिसण्यासाठी प्रत्येक मार्गावर बोट टेकवून तो निवडावा लागतो आणि मगच त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. टोलची रक्कम दिसलीच, तर ती कोणत्या वाहनाची आहे हेही तपासावे, कारण मोटारीचा टोल मालवाहू गाडीला लागू होत नाही. ॲपची वेळही बहुधा मोटारीचीच असते.

आता एक फेरी घेऊ. गोदामातून नऊ वाजता निघायचे, चार ठिकाणी माल उतरवायचा आणि परत यायचे. टोलचा मार्ग एकूण 62 किलोमीटर आणि 85 मिनिटांचा आहे, तर बिनटोलचा 54 किलोमीटर आणि 110 मिनिटांचा. वेळ, अंतर आणि पैसे ही तीन वेगवेगळी मापे एकत्र करायची, तर एकाच मापात आणावी लागतात. मी किलोमीटर हे माप घेतो, कारण गाडीचा इंधन, टायर व देखभालीचा दर किलोमीटरचा खर्च ज्याच्या-त्याच्या वहीत असतोच. समजा, नाक्यावर एका वेळी भरलेला टोल गाडी 10 किलोमीटर चालवण्याच्या खर्चाइतका आहे आणि चालकाच्या एका तासाची मजुरी 30 किलोमीटरच्या खर्चाइतकी. टोलच्या मार्गावर नाका जाताना आणि येताना असा दोनदा लागतो. म्हणजे 62 अधिक 20 अधिक 85 मिनिटांचे 42.5, असे 124.5 किलोमीटर होतात. बिनटोलचे होतात 54 अधिक 55, म्हणजे 109. पंचवीस मिनिटे वाचवूनही टोलचा मार्ग महाग पडला.

इथेच थांबणारे पुष्कळ जण मी पाहिले आहेत, आणि त्यांची फेरी चुकते. ॲपच्या वेळेत माल उतरवण्याचा वेळ धरलेला नसतो. प्रत्येक थांब्यावर 12 मिनिटे जात असतील, तर चौथ्या थांब्यावर पोहोचेपर्यंत आधीच्या तीन थांब्यांची 36 मिनिटे खर्ची पडलेली असतात. तिथे 11 नंतर माल घेत नाहीत. तिथवर गाडी चालवायला बिनटोलच्या मार्गाने 85 मिनिटे लागतात, म्हणजे आपण 11 वाजून 1 मिनिटाने दारात असू. टोलने 65 मिनिटे लागतात, म्हणजे 10.41. स्वस्त मार्ग त्या दारापाशी बाद होतो.

पण म्हणून दोन्ही वेळा टोल भरायचा का? घाई चौथ्या थांब्यापर्यंतच आहे. परतीला कोणी वाट पाहत नाही. जाताना टोलचे 48 किलोमीटर आणि येताना बिनटोलचे 12, म्हणजे एकूण 60. परतीला टोलच्या 20 मिनिटांऐवजी बिनटोलने 25 लागतात, म्हणून एकूण वेळ 90 मिनिटे. आपल्या मापात 60, एका टोलचे 10 आणि वेळेचे 45 मिळून 115. पूर्ण टोलच्या फेरीपेक्षा साडेनऊ किलोमीटरचा खर्च वाचला आणि चौथे दार गाठायला 19 मिनिटे हाताशी राहिली. हा मार्ग कोणत्याच स्क्रीनशॉटवर नव्हता. संपूर्ण फेरीची बेरीज दाखवणाऱ्या स्क्रीनशॉटवर तो सापडणार नाही, कारण एका बेरजेत कोणता टप्पा किती मिनिटांचा हे झाकले जाते. म्हणून जाण्याचा आणि परतीचा स्क्रीनशॉट वेगळा घ्यावा. त्यातही अनेक थांबे एकदम घातले की ॲप सहसा पर्यायी मार्ग दाखवत नाही. एका थांब्यापासून पुढच्या थांब्यापर्यंत असा एकेक टप्पा पाडला की ते दिसू लागतात.

दोन ठिकाणी हा हिशेब डळमळतो. परतीला टोलमध्ये सवलत असेल, तर दुसऱ्यांदाचे 10 किलोमीटर 5 वर येतात. मग पूर्ण टोलची फेरी 119.5 ला पडते आणि फरक साडेचारवर उतरतो. तसेच ॲप एका आकड्याऐवजी 60 ते 80 मिनिटे असा पल्ला दाखवत असेल, तर बंद होणाऱ्या दारासाठी वरचाच आकडा धरावा. वरच्या फेरीत 65 च्या जागी 80 धरले, तरी आपण 10.56 ला पोहोचतो.