नाव एक, नेटवर्क दोन

नमस्कार मंडळी. आजचा प्रश्न आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात कधी ना कधी पडलेला असेल. हॉलमध्ये बसून फोनवर व्हिडिओ उघडला की कोपऱ्यात कास्टचे चिन्ह येते, त्यावर बोट ठेवले की टीव्हीचे नाव दिसते. तोच फोन घेऊन आतल्या खोलीत एक्स्टेंडरच्या वाय-फायवर गेले, किंवा आलेल्या पाहुण्याने गेस्ट नेटवर्क जोडले, की ते चिन्ह नाहीसे होते, आणि इंटरनेट मात्र दोन्हीकडे व्यवस्थित चालू असते. माझे म्हणणे असे आहे की गेस्ट नेटवर्क आणि एक्स्टेंडर यांचे लक्षण एकच दिसत असले तरी कारणे निराळी आहेत, आणि ती कशी ओळखायची ते आज मला सांगायचे आहे.

त्यासाठी आधी फोन टीव्ही शोधतो कसा, हे पाहावे लागेल. घरात कोणकोणती उपकरणे आहेत याची तयार यादी फोनला कुठूनही मिळत नाही. तो `224.0.0.251` या पत्त्यावर, `5353` या पोर्टवर एक विचारणा पाठवतो, आणि तिच्यात `_googlecast._tcp.local` या नावाची सेवा कोणाकडे आहे का, एवढेच विचारलेले असते. वाड्याच्या चौकात उभे राहून कोणी हाक मारावी आणि ज्याचे त्याने ओ द्यावी, तसा हा प्रकार आहे. टीव्हीला लावलेले क्रोमकास्ट ही विचारणा ऐकते आणि आपले नाव, आपला आयपी पत्ता आणि `8009` हा पोर्ट कळवते. त्यानंतरच फोन त्याच्याशी थेट बोलू लागतो. या पद्धतीला एमडीएनएस म्हणतात. स्टुअर्ट चेशायर आणि मार्क क्रॉकमल यांनी लिहिलेले तिचे मानक फेब्रुवारी 2013 मध्ये `RFC 6762` या क्रमांकाने प्रसिद्ध झाले.

आता महत्त्वाची गोष्ट अशी की `224.0.0` ने सुरू होणारे हे पत्ते केवळ त्या एका नेटवर्कापुरते राखून ठेवलेले आहेत, आणि राउटरने ती विचारणा पलीकडच्या नेटवर्कात पाठवायची नाही असा नियमच आहे. हा नियम योग्य आहे, कारण तो नसता तर घरातल्या प्रत्येक फोनची, प्रिंटरची आणि स्पीकरची विचारपूस घराबाहेरच्या जाळ्यातही फिरत राहिली असती. म्हणूनच इंटरनेट चालू असणे हा येथे कसलाच पुरावा ठरत नाही: इंटरनेटकडे जाणारा मजकूर राउटर पुढे धाडतो, ही विचारणा मात्र तो दारातच थांबवतो. यूट्यूब टीव्हीच्या पडद्यावर जो कोड दाखवते तो फोनमध्ये घातला की वेगळ्या नेटवर्कातूनही टीव्ही जोडला जातो, त्याचेही कारण हेच आहे. ती जोडणी यूट्यूबच्या सर्व्हरमार्फत होते, तिथे घरातल्या घरात शोधाशोध करावीच लागत नाही.

माझ्या एका नातेवाइकांच्या घरचे उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात सगळा विषय आलेला आहे. त्यांच्या हॉलमध्ये इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर होता आणि त्याचा पत्ता `192.168.1.1` होता. आतल्या खोलीत सिग्नल पोहोचत नव्हता म्हणून त्यांनी घरात पडून असलेला जुना राउटर तिथे नेला, हॉलमधून केबल ओढून त्याच्या वॅन पोर्टमध्ये, म्हणजे इंटरनेटची केबल जिथे लावतात तिथे, खोचली आणि त्याच्या वाय-फायला हॉलमधलेच नाव व तोच पासवर्ड दिला. घरातल्या सर्वांच्या दृष्टीने वाय-फाय एकच होते. परंतु कास्टचे चिन्ह हॉलमध्ये दिसे, आतल्या खोलीत दिसत नसे, आणि मधल्या बोळात उभे राहिले तर फोनने जुनी जोडणी धरून ठेवली आहे की नवी पकडली आहे यावर कधी दिसे, कधी नाही. त्यांनी मदत केंद्राला फोन केला, तेव्हा त्यांना सगळी उपकरणे बंद करून चालू करायला सांगितले, मग क्रोमकास्ट रीसेट करायला सांगितले, आणि शेवटी ते बदलून घ्यायला सांगितले. माझी खरी तक्रार इथेच आहे. फोनचा आयपी पत्ता काय दिसतो, हा अर्ध्या मिनिटाचा प्रश्न त्या संपूर्ण संभाषणात एकदाही विचारला गेला नाही.

तो पत्ता आम्ही पाहिला. फोनच्या वाय-फाय सेटिंगमध्ये जोडलेल्या नेटवर्कच्या तपशिलात तो मिळतो. हॉलमध्ये तो `192.168.1.17` होता, आतल्या खोलीत `192.168.0.104`. तिसरा आकडा बदलला, म्हणजे वाय-फायचे नाव एकच असूनही आतली खोली दुसऱ्या नेटवर्कात होती. मग लॅपटॉप आतल्या वाय-फायवर जोडून क्रोमकास्टच्या पत्त्याला हाक दिली:

```
ping 192.168.1.23
```

उत्तर आले. याचा अर्थ असा की आतल्या खोलीतून टीव्हीपर्यंत वाट मोकळी होती, कारण आतला राउटर बाहेर जाणारा मजकूर हॉलकडे बिनतक्रार पाठवत होता. फक्त शोधाची विचारणा तो ओलांडू देत नव्हता, त्यामुळे ज्याच्यापर्यंत फोन सहज पोहोचू शकला असता त्याचे नावच फोनला कळत नव्हते.

उपाय सोपा निघाला. जुन्या राउटरचा पत्ता बदलून `192.168.1.2` केला, म्हणजे हॉलमधल्या राउटरशी तो भिडणार नाही आणि हॉलमधला राउटर ज्या पत्त्यांचे वाटप करतो त्यांतही हा पत्ता येणार नाही. जुन्या राउटरचे डीएचसीपी, म्हणजे उपकरणांना पत्ते वाटण्याचे काम, बंद केले. आणि मग केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टमध्ये लावली. पुष्कळ राउटरांत `Access Point` असा मोड निवडला की हेच काम होते. दोन्ही खोल्या एका नेटवर्कात आल्या आणि चिन्ह आतही दिसू लागले.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आयोजकांकडून आली आहे, त्यामुळे गेस्ट नेटवर्काचे थोडक्यात सांगतो. तिथे अडवणूक मुद्दाम केलेली असते. पाहुण्याच्या फोनला इंटरनेट मिळावे, पण घरातला संगणक, कॅमेरा किंवा टीव्ही त्याच्या हाती लागू नये, यासाठीच ती सोय असते. म्हणून तिथून `ping` केले तरी सहसा उत्तर येत नाही, आणि एक्स्टेंडरसारख्या वापरलेल्या जुन्या राउटरच्या उदाहरणाशी ताडून पाहिले की फरक स्पष्ट दिसतो: तिथे वाट होती आणि नाव कळत नव्हते, इथे दोन्ही बंद असतात.

तिसरा प्रकार बिनतारी एक्स्टेंडरचा. पत्त्याचा तिसरा आकडा तोच असतो, `ping` लागते, तरी टीव्ही कधी दिसतो, कधी दिसत नाही. सर्वांसाठीची अशी विचारणा वाय-फायवर पोच न घेता पाठवली जाते, त्यामुळे ती वाटेत हरवली तर पाठवणाऱ्याला कळतही नाही, आणि काही एक्स्टेंडर ती नीट पुढे देत नाहीत. शक्य असेल तर असा एक्स्टेंडर केबलने जोडून घ्यावा. मात्र हे सर्व तपासण्याआधी फोनवरचे व्हीपीएन बंद करून पाहावे, आणि आयफोनवर त्या अ‍ॅपला स्थानिक नेटवर्काची परवानगी दिली आहे ना, हे पाहावे. ही परवानगी 2020 साली आयओएस 14 पासून लागते.

गेस्ट नेटवर्कावरूनही कास्ट करायचेच असेल, तर दोन नेटवर्कांच्या मध्ये शोधाची विचारणा इकडून तिकडे पोहोचवणारी व्यवस्था लावता येते. दोन्ही नेटवर्कांना जोडलेला लिनक्सचा संगणक असेल, तर त्यावर एमडीएनएस सांभाळणाऱ्या अवाही या प्रोग्रामच्या `avahi-daemon.conf` मधल्या `[reflector]` या भागात एवढी एक ओळ लागते:

```
enable-reflector=yes
```

पण तिच्या जोडीला फायरवॉलमध्ये गेस्टकडून त्या एका क्रोमकास्टच्या `8009` पोर्टकडे जाण्याची मुभाही द्यावी लागते. ती दिली नाही, तर पाहुण्याच्या फोनवर टीव्हीचे नाव दिसते, तो त्यावर बोट ठेवतो, आणि जोडणी काही होत नाही.