हुपोस्तासिस: आशा धरलेल्या गोष्टींचा भरवसा

नमस्कार श्रोतेहो.

नव्या करारातल्या इब्रीकरांस पत्राचा अकरावा अध्याय अनेकांना तोंडपाठ असतो. हाबेल, नोहा, अब्राहाम, सारा, मोशे अशी माणसं त्यात एकामागून एक येतात आणि प्रत्येकाच्या आधी ‘विश्वासाने’ हा शब्द येतो. या अध्यायाच्या पहिल्याच वचनात विश्वासाची व्याख्या आहे. आपल्या प्रचलित मराठी भाषांतरात ती साधारण अशी वाचायला मिळते: विश्वास हा आशा धरलेल्या गोष्टींविषयीचा भरवसा आणि न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलची खात्री आहे.

हे वचन ऐकलं की आपलं लक्ष आपसूक स्वतःच्या मनाकडे वळतं. माझा भरवसा पुरेसा आहे का? मध्येच शंका येते, म्हणजे माझा विश्वास कच्चा आहे का? घरात आजारपण असलं आणि प्रार्थना करूनही उतार पडत नसला, की हा प्रश्न फार छळतो. एखादा शेजारी त्यात भरही घालतो, ‘तुमचा भरवसा कमी पडतोय.’ मला वाटतं, या वचनावर हा भार थोडा अन्यायानं पडला आहे. कारण ‘भरवसा’ म्हणून आपण जो शब्द वाचतो तो मूळ ग्रीकमध्ये ‘हुपोस्तासिस’ आहे, आणि हा शब्द सहसा मनातल्या भावनेचं नाव नसतो.

‘हुपो’ म्हणजे खाली आणि ‘स्तासिस’ म्हणजे उभं राहणं. खाली टिकून असलेलं ते हुपोस्तासिस. ग्रीक वैद्य लघवी तपासताना भांड्याच्या तळाशी बसलेल्या गाळालाही हाच शब्द वापरत. तत्त्वज्ञ तो वापरत ते वस्तूच्या खऱ्या अस्तित्वासाठी, वरवरच्या रूपामागे जे प्रत्यक्षात असतं त्यासाठी. याच पत्राच्या पहिल्या अध्यायात, तिसऱ्या वचनात, पुत्राला देवाच्या हुपोस्तासिसचा ठसा म्हटलं आहे. तिथे ‘देवाच्या भरवशाचा ठसा’ असं कोणीच भाषांतर करत नाही. आपण तिथे ‘तत्त्व’ किंवा ‘अस्तित्व’ म्हणतो. म्हणजे एकाच लेखकाचा एकच शब्द पहिल्या अध्यायात देवाच्या असण्याबद्दल बोलतो आणि अकराव्यात एकदम माझ्या मनःस्थितीबद्दल बोलू लागतो. हे थोडं खटकायला हवं.

पश्चिमेच्या चर्चला हजार वर्षं ते खटकलं नाही, कारण त्यांच्या लॅटिन बायबलमध्ये दोन्हीकडे ‘सुब्स्तान्तिया’ हाच शब्द होता. हा शब्द ग्रीक शब्दाच्या साच्यातच बसतो: ‘सुब’ म्हणजे खाली, आणि पुढे उभं राहण्याचं क्रियापद. बदल झाला सोळाव्या शतकात. मार्टिन लूथरनं १५२२ साली नवा करार जर्मनमध्ये आणला, तेव्हा त्याचा सहकारी मेलान्ख्थोन याच्या सल्ल्यावरून या ठिकाणी ‘पक्का भरवसा’ अशा अर्थाचे शब्द घातले. त्यामागे कारण होतं. विश्वास म्हणजे नुसती मतं मान्य करणं नाही, देवावर मनापासून विसंबणं आहे, हे त्याला लोकांपर्यंत पोहोचवायचं होतं. पौलाच्या पत्रांमधून ते दिसतंच. पण या एका शब्दातून तो अर्थ निघतो का, हा वेगळा प्रश्न. १६११ च्या इंग्रजी राजाज्ञेच्या बायबलनं मजकुरात ‘द्रव्य’, ‘वस्तुत्व’ अशा अर्थाचा शब्द ठेवला आणि समासात ‘पाया किंवा भरवसा’ अशी टीप दिली. भाषांतरकारांचं एकमत नव्हतं हे त्या समासातच दिसतं. नंतरच्या बऱ्याच भाषांतरांनी मात्र लूथरचीच वाट धरली.

विसाव्या शतकात हेल्मुट क्योस्टर या अभ्यासकानं या शब्दाचा ग्रीक साहित्यातला वापर तपासला आणि ‘मनातला भरवसा’ हा अर्थ टिकत नाही असं स्पष्ट लिहिलं. तो मुद्दा त्यानं साहित्यातून मांडला. मला त्याहून जास्त बोलतो तो एका बाईचा अर्ज.

इजिप्तमध्ये ऑक्सिरिंखस नावाचं एक गाव होतं, आजचं अल-बहनसा. तिथल्या कचऱ्याच्या ढिगाऱ्यांतून ग्रेनफेल आणि हंट या दोन इंग्रज अभ्यासकांनी १८९६-९७ पासून पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचे, हजारो तुकडे बाहेर काढले. यातली बरीचशी रोजच्या व्यवहाराची रद्दी: पावत्या, करार, खाजगी पत्रं, तक्रारी. त्यात दियोनुसिया नावाच्या बाईचा इसवी सन १८६ चा एक लांबलचक अर्ज मिळाला. वडिलांशी, खैरेमोन यांच्याशी, तिचा मालमत्तेवरून वाद होता. आपल्या मागणीच्या सुरक्षेसाठी वडिलांच्या काही मालमत्तेवर आपला हक्क नोंदलेला आहे असं तिचं म्हणणं. वडिलांना तो नको होता, शिवाय तिचा संसारही त्यांना मोडायचा होता. मग दियोनुसियानं प्रांताच्या अधिकाऱ्यापुढे जुने निकाल आणि जुने हुकूम जोडून आपली बाजू मांडली.

त्यातला एक हुकूम इजिप्तचा रोमन प्रशासक मेट्टियस रुफस याचा, सन ८९ चा. इब्रीकरांस पत्र पहिल्या शतकातलंच, तेव्हा काळ जवळचा आहे. रुफसची तक्रार अशी: मालमत्ता-नोंदणी कार्यालयातली दफ्तरं बरीच वर्षं नीट ठेवलेली नाहीत, त्यामुळे खाजगी आणि सरकारी, दोन्ही व्यवहारांचा घोळ होतो. म्हणून सगळ्या मालकांनी सहा महिन्यांच्या आत आपली मालमत्ता नोंदवावी आणि ती कुठून मिळाली तेही सांगावं. सावकारांनी आपली गहाणं नोंदवावीत. पुढे तो म्हणतो, स्थानिक कायद्यानं पतीच्या मालमत्तेवर पत्नीचा हक्क असेल तर तिनंही आपली नोंद पतीच्या ‘हुपोस्तासिस’मध्ये घालावी आणि मुलांनी आईवडिलांच्या. कशासाठी? त्यांच्याशी व्यवहार करणारे माहिती नसल्यामुळे फसू नयेत म्हणून. शिवाय दर पाच वर्षांनी दफ्तर नव्यानं उतरवावं आणि प्रत्येक नावाची शेवटची हुपोस्तासिस त्यात आणावी.

श्रोतेहो, तुमच्यापैकी अनेकांच्या घरी सातबारा आहे. त्यावर ‘इतर अधिकार’ नावाचा एक रकाना असतो. बँकेचा बोजा तिथे चढतो, कुणाचा हक्क असेल तर तो तिथे दिसतो. जमीन घेणारा माणूस आधी त्यावर नजर टाकतो. रुफसच्या हुकुमातली हुपोस्तासिस जवळपास त्याच जातीची आहे: एका माणसाच्या नावावरची सगळी मालमत्ता आणि त्यावरचे हक्क, दफ्तरात मांडलेले. दियोनुसियाला वडिलांबद्दल काय वाटत होतं त्यावर तिचा दावा उभा नव्हता. तिचा हक्क दफ्तरात चढलेला होता, तेच तिच्या दाव्याचं बळ.

याच पुराव्यावरून पपायरसांचे अभ्यासक मोल्टन आणि मिलिगन यांनी सुचवलं की आपल्या वचनाचा अर्थ ‘विश्वास म्हणजे आशा धरलेल्या गोष्टींचा मालकीचा दस्त’ असा घ्यावा. प्रवचनांमध्ये ही कल्पना फार लोकप्रिय झाली. मला ती आवडते, पण तिच्यावर दोन मर्यादा घालायला हव्यात. पहिली अशी की हुपोस्तासिस म्हणजे खरेदीखत नव्हे. ती दफ्तरातली नोंद, आणि काही वेळा ती मालमत्ताच. खरेदीखत आणि सातबारा यांत फरक काय, हे जमिनीच्या वादात अडकलेल्या कुणालाही विचारा. दुसरी मर्यादा म्हणजे पत्राचा लेखक इतरत्र हा शब्द कार्यालयीन अर्थानं वापरत नाही. त्यानं इथे मुद्दाम दफ्तराची भाषा केली असं ठामपणे सांगता येणार नाही. पपायरस एवढंच दाखवतो की त्या काळच्या साध्या माणसाच्या कानात हा शब्द मनातल्या भावनेचा नव्हता. तो प्रत्यक्ष, तपासता येण्यासारख्या गोष्टीचा होता.

विरुद्ध बाजूनंही एक पुरावा देतात. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, रूथच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात, ‘आशा’ या अर्थाच्या हिब्रू शब्दासाठी हुपोस्तासिस आला आहे. नामी सुनांना परत जायला सांगते, तिथे. पण नामी काय म्हणते ते बघा. मी म्हातारी झाले, मला आता नवरा मिळून मुलगे व्हायला काही वाव आहे का? ती भावना मोजत नाहीये. परिस्थितीत पाय रोवायला जागा आहे का, एवढंच विचारतेय. म्हणून हा पुरावाही मला दुसऱ्याच बाजूचा वाटतो.

आता पत्राकडे परत जाऊ. अकराव्या अध्यायाची व्याख्या एकटी वाचायची सवय सोडायला हवी. तिच्या आधी, दहाव्या अध्यायात, लेखक वाचकांना जुन्या दिवसांची आठवण देतो. त्यांची चारचौघांत निंदा झाली होती, कैद झालेल्यांशी त्यांनी नातं ठेवलं होतं आणि त्यांची मालमत्ता लुटली गेली होती. चौतिसाव्या वचनात तो म्हणतो, तुम्ही मालमत्तेची लूट आनंदानं सोसली, कारण याहून चांगली आणि टिकणारी मालमत्ता तुमच्याजवळ आहे हे तुम्हाला ठाऊक होतं. लुटलेल्या मालमत्तेसाठी ग्रीकमध्ये ‘हुपारखोन्ता’ आहे आणि टिकणाऱ्या मालमत्तेसाठी ‘हुपारक्सिस’. त्या अध्यायाच्या अगदी शेवटी ‘हुपोस्तोले’ येतो, म्हणजे कच खाऊन मागे सरणं: आम्ही मागे सरणाऱ्यांतले नाही. त्याच्या पाठोपाठच्या वाक्यात हुपोस्तासिस. ग्रीक ऐकणाऱ्याला हे चारही शब्द एकामागून एक कानावर आदळल्यासारखे वाटले असतील. घरदार लुटलं गेलेल्या माणसांना लेखक सांगतोय की तुमच्या हातात अजून काहीतरी आहे, आणि त्याचं नाव विश्वास.

वचनाचा उत्तरार्धही त्याच वळणाचा आहे. ‘खात्री’ असं जिथे आपण वाचतो तिथे ग्रीकमध्ये ‘एलेंखोस’ आहे. तो वादातल्या पुराव्याचा, समोरच्याला निरुत्तर करणाऱ्या सिद्धतेचा शब्द. जर्मन आणि इंग्रजीतल्याप्रमाणे मराठीतही तो आपण मनाच्या आत ओढून घेतला.

तरी आपला ‘भरवसा’ हा शब्द मी टाकून देणार नाही. मराठीत आपण ‘पावसाचा भरवसा नाही’ म्हणतो, तेव्हा बोलणं पावसाबद्दल असतं, आपल्या मनाबद्दल नसतं. ‘त्या पुलाचा भरवसा नाही’ म्हटलं की पूल कमकुवत आहे हेच सगळे समजतात. या अर्थानं ऐकलं तर मराठी शब्द मूळ ग्रीकच्या बराच जवळ येतो. अडचण ‘गोष्टींविषयीचा’ या शब्दातल्या ‘विषयी’ची आहे. त्यामुळे भरवसा गोष्टींतून निघून आपल्या मनात जाऊन बसतो. ‘आशा धरलेल्या गोष्टींचा भरवसा’ एवढंच म्हटलं तर काम भागतं. पुढच्या वेळी हे वचन मोठ्यानं वाचाल तेव्हा दहाव्या अध्यायाच्या बत्तिसाव्या वचनापासून सुरू करा आणि मध्ये अध्यायाचा आकडा आला तरी थांबू नका. तो आकडा लेखकानं घातलेला नाही.