खाज परत परत का येते?

नमस्कार श्रोतेहो. आजचा विषय बोलायला अवघड वाटतो. म्हणूनच दुखणं महिनोन्‌महिने अंगावर काढलं जातं. मधुमेह असलेल्या स्त्री-पुरुषांना जननेंद्रियांच्या जागी पुन्हा पुन्हा होणाऱ्या बुरशीच्या संसर्गाबद्दल मी बोलणार आहे.

माझ्याकडे एक जोडपं आलं होतं. बाई अठ्ठेचाळीस वर्षांच्या. दह्याच्या कवडीसारखं पांढरं अंगावरून जात होतं, खाजेनं रात्र-रात्र झोप नव्हती, लघवी करताना आग व्हायची. वर्षभरातली ही चौथी वेळ. यजमान बाहेर बाकावर बसले होते. बाई हळूच म्हणाल्या, "मॅडम, यांनाही तिथं खाजतंय. यांच्याकडूनच मला लागलंय का हो?" घरात त्यावरून अबोला धरला होता दोघांनी.

दोघांना मधुमेह होता आणि दोघांच्या त्रासामागे साखरच होती, पण वाटा वेगळ्या होत्या.

कँडिडा नावाची ही बुरशी अनेकांच्या अंगावर एरवीही गुपचूप असते. तिला ओल, ऊब आणि साखर मिळाली की ती फोफावते. आपलं मूत्रपिंड गाळलेली साखर परत रक्तात ओढून घेतं. पण रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की त्याला सगळी ओढून घेणं जमत नाही, आणि उरलेली लघवीत उतरते. त्या लघवीचे थेंब त्वचेवर राहतात. शिवाय साखर चढलेली असली की बुरशीशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशीही नीट काम करत नाहीत.

बाईंची उपाशीपोटी साखर 210 होती आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारं एचबीएवनसी 10.4. प्रत्येक वेळी त्यांनी मेडिकलमधून एकच गोळी आणून घेतली होती. आठवडाभर बरं वाटायचं, मग पुन्हा तेच. साखर इतकी वाढलेली असताना एका गोळीवर बहुतेक वेळा भागत नाही, उपचार लांबवावे लागतात. आणखी एक गोष्ट होती. त्या साखरेसाठी ग्लिमेपिराइड घेत होत्या. बुरशीवरची फ्लुकोनाझोल ही गोळी त्याच्यासोबत घेतली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. दुकानात उभ्या-उभ्या हे कोण विचारणार? म्हणून मी त्यांना रात्री योनीमार्गात ठेवायची क्लोट्रिमाझोलची गोळी सलग दोन आठवडे दिली आणि त्याच दिवशी साखरेची औषधं बदलली.

मग यजमानांना आत बोलावलं. ते टेम्पो चालवतात. शिश्नाच्या पुढच्या कातडीला लाली, बारीक भेगा, आत पांढरा थर. त्यांचं एचबीएवनसी मात्र 6.9, म्हणजे साखर आटोक्यात! मी गोळ्यांचं पाकीट मागितलं. त्यात डॅपाग्लिफ्लोझिन होतं, तीन महिन्यांपूर्वी सुरू झालेलं. ही गोळी साखर मुद्दामच लघवीवाटे बाहेर काढते, दिवसाला साधारण 70 ग्रॅमपर्यंत. एम्पाग्लिफ्लोझिनही तसंच. रक्त तपासलं तर सगळं छान दिसतं, आणि लघवीत साखर असतेच.

त्यांनी मित्राच्या सांगण्यावरून नायट्याचं मलम लावलं होतं. अशा बऱ्याच मलमांत स्टिरॉइड असतं. दोन दिवस खाज थांबते, लाली जाते, आणि खाली बुरशी पसरत राहते. त्या नाजूक जागेची कातडी पातळ होते ते वेगळंच. ते मलम मी बंद केलं आणि साधं क्लोट्रिमाझोल दिवसातून दोनदा, दोन आठवडे दिलं.

डॅपाग्लिफ्लोझिन मात्र बंद केलं नाही. त्यांच्या हृदयाचं पंपिंग कमी आहे आणि त्यासाठी ती गोळी मोलाची आहे. तुम्हीही ती स्वतःहून थांबवू नका. काळजी घेऊनही त्रास परतत राहिला तर डॉक्टरांशी बोलून पर्याय ठरवा. पण त्या जागी किंवा गुदद्वाराजवळ सूज आली, दुखणं असह्य झालं, ताप आला, कातडी काळी पडली, तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा. तो साधा बुरशीचा संसर्ग नसतो. असा संसर्ग विरळाच होतो, पण झपाट्यानं पसरतो.

बाईंना मी सांगितलं, यात कुणाचा दोष नाही. जोडीदाराला त्रास नसेल तर त्याला उपचार लागतातच असंही नाही. जागा साध्या पाण्यानं धुवा, योनीच्या आत साबण किंवा डेटॉल घालू नका, नीट टिपून कोरडी करा, सुती आणि सैल कपडे घाला, घामानं ओले झालेले लगेच बदला. पुरुषांनी पुढची कातडी मागे सारून धुवावी, कोरडी करावी आणि पुन्हा पुढे आणावी. ती मागे सरकत नसेल तर जोर लावू नका, दाखवायला या.

तीन महिन्यांनी बाईंचं एचबीएवनसी 7.6 झालं आणि खाज परतली नव्हती. यजमानांच्या टेम्पोत आता पाण्याच्या दोन बाटल्या असतात. एक पिण्याची, दुसरी लघवीनंतर धुण्याची. शेजारी एक सुती रुमाल, रोज धुतलेला.