सेटर गावाला गेला की मशीन का थांबतं

मंडळी, इथे बऱ्याच जणांचं स्वतःचं शॉप आहे, त्यामुळे सीएनसी म्हणजे काय ते सांगत नाही, थेट गोष्टच सांगतो.

मी एका टर्निंग शॉपला प्रॉडक्शन बघायचो. तिथे पातळ भिंतीची एक रिंग चालायची, तिच्या बोअरमध्ये बेअरिंग बसायचं, आणि सेटिंग कायम आमचे सेटर दादाच करायचे. गणपतीला दादा कोकणात गेले आणि नेमकी तीच रिंग अर्जंट लागली. भिंतीवरच्या स्किल मॅट्रिक्समध्ये त्या कामासमोर तीन जणांचे गोल पूर्ण भरलेले, म्हटलं माणसं आहेत की! पोरांनी सॉफ्ट जॉ बोअर केले, ऑफसेट घेतले, पहिला पीस डायल बोअर गेजने चार बाजूंनी मोजला, सगळीकडे साइज बरोबर. सव्वाशे पीस निघाले आणि असेंब्लीत बेअरिंग बसेना.

दादांना फोन लावला तर त्यांचा पहिलाच प्रश्न, "चकचं प्रेशर कमी केलं का रे?"

आता बघा, तीन जॉ पातळ रिंग दाबतात, दाबलेल्या अवस्थेत बोअर गोल निघतो आणि चक सोडला की रिंग मोकळी होऊन बोअर तिकोनी होतो. बोअर गेज समोरासमोरचे दोनच पॉइंट मोजतो, म्हणून तिकोनी बोअरमध्येसुद्धा सगळीकडे जवळपास तोच आकडा दाखवतो. दादा प्रेशर उतरवायचे आणि पीस चकमधून काढून प्लग गेज घालून बघायचे. सेटिंग शीटवर स्पीड होता, फीड होता, हे मात्र कुठेच नव्हतं. आणि ते तीन गोल ऑडिटच्या आदल्या संध्याकाळी भरलेले, खाली सही माझी. त्याचा राग मला अजून येतो.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरलीत, म्हणून मूळ विषय, म्हणजे एकाच सेटरवर काम अडू नये म्हणून पोरांना कसं तयार करायचं, ते भराभर सांगतो.

गोलाचे चार भाग: शिकतोय, देखरेखीखाली करतो, एकटा करतो, दुसऱ्याला शिकवतो. मॅट्रिक्स माणसाच्या बाजूने वाचू नका, कामाच्या बाजूने वाचा, आणि 'एकटा करतो' तिथे एकच नाव असेल तर ट्रेनिंग तिथून सुरू करा. सगळ्यांना सगळं शिकवायला जाऊ नका, प्रत्येक कामाला दोन माणसं झाली तरी पुष्कळ.

शिकवताना शीटवर स्टेप, त्यातली खुबी आणि तिचं कारण, असे तीन रकाने ठेवा. "प्रेशर कमी" एवढंच लिहिलं तर घाईत कुणीतरी वाढवणारच, "नाहीतर बोअर तिकोनी" लिहिलं की हात थांबतो.

तिसरा भाग भरायचा तो सेटर शॉपमध्ये नसताना पोराने सेटिंग केलं आणि पहिला पीस प्लग गेजला पास झाला तरच. आणि शिकवणाऱ्याला चौथ्या भागाचे पैसे वाढवून द्या हो, नाहीतर तो हातचं राखूनच शिकवणार, त्याला पोटाची भीती असते.

गोल पेन्सिलने भरा. तीन महिने ते काम हाताखालून गेलं नसेल तर एक भाग खोडायचा, आणि पुढचं सेटिंग त्याच माणसाला द्यायचं.